‘…आल्याबाबत’ फोनवर दिसतच नाही

गेल्या वर्षी इंदुरात आमच्या मंडळाची रविवारची संगीत सभा रामबागेतून हलवून लोकमान्य नगरला न्यावी लागली. कारण साधंच होतं, नेहमीच्या हॉलचं वायरिंग जळलं होतं. सचिव काकांनी गुरुवारीच सगळ्या सभासदांना ईमेल केला. तरीही रविवारी पाच वाजता रामबागेच्या कुलूपबंद दारासमोर अकरा जण उभे होते, त्यात माझी मावशीही. तिने मला फोन केला, “अरे, इथे तर कुणीच नाही! तबला नाही, पेटी नाही, नुसता चौकीदार.” मी म्हटलं, “मावशी, ईमेल आला होता ना?” त्यावर ती ठसक्यात म्हणाली, “आला होता आणि वाचलाही. त्यात रामबागच लिहिलंय!”

मावशी खोटं बोलत नव्हती. संध्याकाळी मी तिचा फोन हातात घेऊन पाहिला. काकांनी लिहिलेला विषय असा होता :

“मंडळाच्या येत्या रविवारी रामबाग येथे होणाऱ्या संगीत सभेचे स्थळ अपरिहार्य कारणास्तव बदलण्यात आल्याबाबत”

आणि मावशीच्या फोनवर दिसत होतं ते असं :

“मंडळाच्या येत्या रविवारी रामबाग ये…”

रविवार दिसतोय, रामबाग दिसतंय. सभेची नेहमीची आठवण आली असं समजून तिने ईमेल उघडला नाही आणि ती पोळ्या लाटायला गेली. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. सगळी बातमी ‘बदलण्यात आल्याबाबत’ या दोन शब्दांत होती आणि नेमके तेच दोन शब्द त्या तीन टिंबांच्या मागे गेले होते.

तेव्हापासून मंडळाचे ईमेल पाठवण्याआधी काका मला दाखवतात. पोटापाण्यासाठी मी मोबाइल अ‍ॅपचे पडदे आखतो, म्हणजे कुठला मजकूर किती जागेत बसवायचा हेच माझं रोजचं काम. त्यामुळे ही टिंबं कुठून येतात ते मला ठाऊक आहे. आणि मराठी लिहिणाऱ्याला ती इतरांपेक्षा जास्त का नडतात, हे मला मावशीमुळे कळलं.

आधी टिंबांचं पाहू. बऱ्याच जणांना वाटतं की ईमेलच्या विषयाला अक्षरांची मर्यादा असते आणि ती ओलांडली की पुढचं गळून पडतं. तसं नाही. ईमेल कसा लिहावा याचे जे तांत्रिक नियम आहेत, त्यांत एका ओळीची लांबी जास्तीत जास्त ९९८ अक्षरं असावी आणि शक्यतो ७८ च्या आत ठेवावी असं म्हटलंय. पण लांब विषय अनेक ओळींत मोडून पाठवायची सोयही त्याच नियमांत आहे. म्हणजे काकांचा विषय पूर्णच्या पूर्ण मावशीच्या फोनपर्यंत पोचला होता. ईमेल उघडला असता तर वर सगळा दिसला असता. तो कापला गेला फक्त यादीत, आणि कापणारा होता फोन.

फोन कसा कापतो? यादीत प्रत्येक ईमेलला एक ठरावीक उंचीची पट्टी मिळते. डावीकडे पाठवणाऱ्याच्या नावाच्या पहिल्या अक्षराचं किंवा फोटोचं गोल चित्र, वर नाव, नावासमोर वेळ, खाली विषयाची एक ओळ, आणि त्याखाली फिकट अक्षरांत मजकुराची सुरुवात. विषयाला दोन ओळी दिल्या तर पट्टी जाड होते आणि एका पडद्यावर आठ ईमेल दिसायचे ते सहा दिसतात. म्हणून आमच्यासारखे लोक ‘एकच ओळ, उरलेलं टिंबांत’ असं ठरवून टाकतात. वेबच्या पानावर हे करायला लिहावं लागतं ते एवढंच :

```
white-space: nowrap;
overflow: hidden;
text-overflow: ellipsis;
```

ओळ मोडू नको, जागेबाहेर जाईल ते झाक, आणि झाकलंय हे कळावं म्हणून शेवटी टिंबं दे. अँड्रॉइड आणि आयफोनच्या अ‍ॅपमध्ये शब्द वेगळे, काम तेच. फोन आधी पूर्ण ओळीची रुंदी मोजतो. ती मावली नाही तर उपलब्ध जागेतून टिंबांची रुंदी वजा करतो आणि उरलेल्या जागेत सुरुवातीपासून जेवढं बसेल तेवढं ठेवतो. शब्द पुरा झाला का, वाक्याचा अर्थ लागला का, हे तो बघत नाही. मॅकच्या फाइंडरमध्ये फाइलचं लांब नाव मधूनच कापलं जातं, कारण शेवटचे ‘पीडीएफ’ वगैरे दिसायला हवेत एवढा विचार तिथे कुणीतरी केलाय. ईमेलच्या यादीत मात्र शेपूटच कापायची रीत आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. फोन अक्षरं मोजत नाही, रुंदी मोजतो. त्यामुळे ‘विषय अमुक अक्षरांचा असावा’ असे जे आकडे इंटरनेटवर फिरतात ते मुळात ढोबळ, आणि इंग्रजी लिपीसाठी काढलेले. मराठीला ते अजिबात लागू पडत नाहीत. ‘रद्द’ हा शब्द घ्या. डोळ्यांना त्यात दोन अक्षरं दिसतात, र आणि द्द. संगणकाच्या लेखी ती चार आहेत : र, द, हलन्ताची खूण, आणि पुन्हा द. म्हणजे अक्षरं मोजणाऱ्या एखाद्या साइटवर मराठी विषय टाकला तर आकडा उगाच फुगलेला येतो. उलट ‘ल्या’ किंवा ‘ण्या’ हे डोळ्यांना एक अक्षर असलं, तरी पडद्यावर दीड-दोन अक्षरांची जागा खातं. दोन्हीकडून हिशेब चुकतोच.

मग हिशेब करायचा कसा? मी मावशीच्या फोनचा केला तो सांगतो. अँड्रॉइडमध्ये पडद्याची रुंदी डीपी नावाच्या एककात मोजतात, एका इंचाला १६० डीपी असं मूळ प्रमाण. बहुतेक फोन उभे धरले की ३६० ते ४१२ डीपी रुंद असतात. मावशीचा ३६० चा. त्यातले ७२ च्या आसपास डावीकडच्या गोल चित्रात आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत जातात. उजवीकडे तारा आणि समास मिळून साधारण ४८ जातात. विषयाला उरले २४०. नेहमीच्या आकारात काना-मात्रेसकट एक मराठी अक्षर सरासरी ११ डीपी धरलं, तर २४० मध्ये जेमतेम २२ अक्षरं बसतात. हा ११ चा आकडा माझ्या अंदाजाचा आहे आणि प्रत्येक फॉन्टला थोडा इकडेतिकडे होईल, पण वीस-बावीस हे प्रमाण कामाला पुरतं.

काकांच्या विषयातली पहिली बावीस अक्षरं मोजली की आपण ‘होणाऱ्या संगीत’पर्यंत पोचतो. म्हणजे चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही त्या विषयातून जागा बदलल्याचं कळणार नव्हतं. ज्यांनी ईमेल उघडला ते वाचले, एवढंच.

मावशीचं त्याहून वाईट झालं, आणि त्याला दोन कारणं. एक म्हणजे तिने फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवलीत. पासष्टीच्या पुढच्या किती जणांनी ती तशी केलीत ते आपापल्या घरात पाहा. अक्षरं १.३ पट झाली की २२ ची १७ होतात. अँड्रॉइड १४ पासून तर अक्षरं दुपटीपर्यंत वाढवता येतात. शिवाय ‘डिस्प्ले साइझ’ नावाची आणखी एक सेटिंग आहे. ती वाढवली की फक्त अक्षरंच नाही, तर गोल चित्र, समास, सगळंच मोठं होतं आणि विषयाची ओळ दोन्हीकडून आवळली जाते. त्या दिवशी रामबागेला आलेल्या अकरांपैकी नऊ जण साठीच्या पुढचे होते. मला वाटत नाही की तो योगायोग होता.

दुसरं कारण मला फार मजेशीर वाटतं. न वाचलेला ईमेल यादीत ठळक अक्षरांत दिसतो, आणि ठळक अक्षर साध्यापेक्षा रुंद असतं. म्हणजे जो ईमेल तुम्ही अजून वाचलेला नाही, ज्याच्या विषयावर सगळी भिस्त आहे, त्याचाच विषय सगळ्यात कमी दिसतो. एकदा उघडून बंद केलात की अक्षरं बारीक होतात आणि एखाद-दोन अक्षरं जास्त दिसायला लागतात, तेव्हा त्याचा काही उपयोग उरलेला नसतो.

आणि काकांना हे कळलं का नाही? कारण ते लॅपटॉपवर लिहितात. तिथे विषयाची ओळ वीतभर लांब असते, सगळा विषय समोर दिसतो, आणि वाचतानाही अख्खा दिसतो. ज्याने लिहिलं त्याला टिंबं कधी दिसलीच नाहीत.

एक वेगळा बिघाड असतो, त्याची यात गल्लत करू नका. कधीकधी मराठी विषयाच्या मध्येच काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दिसतं, किंवा विषयाच्या जागी असलं काहीतरी येतं :

```
=?UTF-8?B?4KSw4KSm4KWN4KSm?=
```

हा ‘रद्द’ शब्दच आहे, प्रवासाच्या वेषात. ईमेलचा वरचा भाग मुळात इंग्रजी अक्षरांपुरता आखलेला, म्हणून १९९६ मध्ये ठरलेल्या नियमाप्रमाणे इतर लिप्या अशा सांकेतिक रूपात गुंडाळून पाठवतात. एका गुंडाळीची लांबी ७५ च्या वर जाऊ शकत नाही, आणि त्यात संगणकाच्या मोजणीने मराठीची पंधराच अक्षरं मावतात. लांब मराठी विषय त्यामुळे चार-पाच गुंडाळ्यांत जातो आणि पोचल्यावर पुन्हा जोडला जातो. एखादं जुनंपानं सॉफ्टवेअर अक्षराच्या मध्येच गुंडाळी तोडतं, तेव्हा ते प्रश्नचिन्ह उमटतं. थोडक्यात, प्रश्नचिन्ह दिसलं तर दोष पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. तीन टिंबं दिसली तर सॉफ्टवेअर बरोबर आहे, विषय कसा लिहिलाय ते बघा.

आता मराठीचं. इंग्रजी वाक्यात क्रियापद लवकर येतं. कोणी काय केलं हे आधी सांगून मग कुठे-कधी-कशासाठी हा पसारा येतो. आपलं वाक्य उलट बांधलेलं असतं. आधी पसारा, आणि शेवटी क्रियापद. ‘मी उद्या सकाळी आईबरोबर देवासला’ एवढं ऐकून अजून काही कळलेलं नसतं. जाणार आहे की जाणार नाही, की जाणार होतो पण राहिलं, हे सगळं शेवटच्या शब्दात. बोलताना याचा काही त्रास नाही, कारण ऐकणारा वाक्य संपेपर्यंत थांबतो. फोन थांबत नाही.

त्यात आपल्याला पत्रलेखनाची सवय. शाळेत ‘विषय :’ लिहून पुढे ‘…मिळण्याबाबत’ असा शेवट करायला शिकवलेलं असतं. या ‘बाबत’ला जोडून काय झालं ते येतं : ढकलल्याबाबत, वाढवल्याबाबत, नसल्याबाबत. कागदावर ते शोभतं. कागद कुणी मध्येच कापत नाही, अख्खी ओळ एका नजरेत येते आणि शेवटचा शब्दच ठसतो. फोनवर हीच रचना घातक ठरते, कारण बातमी हमखास कापणीच्या पलीकडे पडते. इंदुरात आपण हिंदीतही रोज लिहितो आणि तिथे ‘के संबंध में’ हेच करतं. ऑफिसातले ‘रिगार्डिंग’ने सुरू होणारे विषयही काही मोठे शहाणे नसतात, पण त्यांत निदान कशाबद्दल हे तरी आधी येतं.

सगळ्यात धोका आहे तो नकाराचा. मंडळाच्या जुन्या ईमेलांत मला हा एक विषय सापडला : “कार्यकारिणी बैठकीस आपण उपस्थित राहण्याची आवश्यकता नसल्याबाबत”. फोनवर काय उरतं ते करून पाहिलं : “कार्यकारिणी बैठकीस आपण उपस्थित राहण्या…”. येऊ नका म्हणून पाठवलेलं पत्र थेट आमंत्रण झालं! काकांना दाखवलं तेव्हा ते आधी हसले, मग म्हणाले, “तरीच त्या बैठकीला चहा कमी पडला होता.”

आता रामबागेच्या विषयाची दुरुस्ती. ती आम्ही दोघांनी मावशीच्याच ओट्यावर बसून, पोह्यांच्या बशा बाजूला सारून केली. पहिल्या झटक्यात जमलं नाही, म्हणून सगळे टप्पे सांगतो.

आधी फक्त नको ते काढलं. ‘मंडळाच्या’ कशाला? पाठवणाऱ्याच्या जागी मंडळाचं नाव विषयाच्या वरच दिसतंय. ‘अपरिहार्य कारणास्तव’ हे दहा अक्षरं खाऊन काहीच सांगत नाही. ज्याला कारण हवंय तो उघडून वाचेल. ‘सन्माननीय’, ‘महत्त्वाची सूचना’, ‘तातडीचे’ हे शब्द या विषयात नव्हते, पण काकांच्या बाकीच्या ईमेलांत भरपूर असतात, त्यांचीही गत हीच. ‘महत्त्वाची सूचना’ लिहिलं की बावीसपैकी सहा-सात अक्षरं गेली, आणि कशाची सूचना ते टिंबांत. उरलं हे :

“रविवारच्या रामबाग येथील संगीत सभेचे स्थळ बदलल्याबाबत”

लहान झालं, पण बातमी अजून शेवटीच. मावशीच्या सतरा अक्षरांत मोजलं तर ‘संगीत सभे’पर्यंत येऊन ओळ संपते. म्हणजे नुसतं लहान करून भागत नाही. काका इथे थोडे वैतागले होते. त्यांच्या मते निम्मे शब्द काढले म्हणजे झालं.

मग बातमी पुढे ओढली. मराठीत क्रियापद शेवटी येतं हा वाक्याचा नियम आहे, आणि विषय हे वाक्य असायलाच हवं असं कुणी सांगितलंय? काय झालं ते दोन शब्दांत, मग दोन टिंबांचं विरामचिन्ह, मग कशाचं :

“जागा बदलली : रविवारची संगीत सभा रामबागेऐवजी लोकमान्य नगरला”

काका खूश झाले. “तार करायचो तसं झालं हे,” म्हणाले. त्यांची नोकरी बँकेतली, तारा त्यांनी पुष्कळ केल्या. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हाही त्यांना वाईट वाटलं होतं. मलाही विषय बरा वाटला, पण मावशीच्या फोनवर पाठवून पाहिला तर तिथे आलं : “जागा बदलली : रविवारची संगीत स…”. खोटं काही नाही, पण कुठे जायचं ते नाही. आणि माझ्या फोनवर, जिथे अक्षरं साधी आहेत, तिथे आलं : “जागा बदलली : रविवारची संगीत सभा रामबागे…”. हे तर अजूनच वाईट. सभा कुठून तरी हलवून रामबागेत आणली असं वाचणाऱ्याला वाटेल! ‘ऐवजी’ कापला गेला आणि अर्थ फिरला. इथे मोठ्या अक्षरांवाल्याचं कमी नुकसान आणि लहान अक्षरांवाल्याचं जास्त.

म्हणून आम्ही एक पारख ठरवली. विषय लिहून झाला की तो पहिल्या अक्षरानंतर कापून वाचायचा, मग दुसऱ्यानंतर, मग तिसऱ्यानंतर, असं शेवटपर्यंत. कुठेही कापला तरी चालेल, पण उरलेला तुकडा खोटा ठरता कामा नये. अपुरा असला तर चालेल. अपुरा तुकडा माणसाला उघडून बघायला लावतो. चुकीचा तुकडा उघडूच देत नाही, कारण वाचणाऱ्याला वाटतं आपल्याला सगळं कळलं. मावशीचं तेच झालं होतं.

या पारखेत ‘ऐवजी’, ‘नाही’, ‘वगळता’, ‘सोडून’, ‘शिवाय’ हे शब्द सगळ्यात आधी पकडले जातात, कारण ते आपल्या आधीच्या शब्दाचा अर्थ उलटवतात. ‘रामबागेऐवजी’ लिहायचं तर ‘रामबागे’ आधी येणारच. मग सरळ मार्ग हाच की जुन्या जागेचं नावच घ्यायचं नाही. कुठे जायचं नाही हे कशाला सांगायचं, कुठे यायचं ते सांगा :

“जागा बदलली : रविवारी लोकमान्य नगर, संध्याकाळी ५, संगीत सभा”

मावशीच्या फोनवर : “जागा बदलली : रविवारी लोकमान्य न…”. माझ्या फोनवर नगर पूर्ण येऊन ‘संध्या’पर्यंत. मग मी मावशीच्या फोनची अक्षरं अजून एक पायरी मोठी केली, तरी “जागा बदलली : रविवारी लोक…” एवढं राहिलं. कुठलाही तुकडा कुणाला रामबागेला पाठवत नाही. ‘संगीत सभा’ मुद्दाम शेवटी ठेवली, कारण रविवारी मंडळाचं दुसरं काही नसतंच, आणि ते कापलं गेलं तरी कुणाचं अडत नाही. दुसऱ्या मंडळात दर रविवारी तीन कार्यक्रम असतील तर हा क्रम चालणार नाही. त्यांना ‘संगीत सभा’ आधी घ्यावी लागेल. काय पुढे आणायचं हे वाचणाऱ्याला काय आधीच माहीत आहे यावर ठरतं, म्हणून याचा एकच साचा देता येत नाही.

एक शंका काकांनी रास्त काढली. “पण हे दप्तरात राहणार. उद्या कुणी विचारलं की स्थळ बदलल्याचं कळवलं होतं का, तर हा असा विषय दाखवू?” त्यावर तोडगा सोपा निघाला. ईमेलला जोडलेल्या मंडळाच्या लेटरहेडवर ‘विषय : …स्थळ बदलण्यात आल्याबाबत’ पूर्वीसारखंच राहतं, अगदी काकांच्या वळणाचं. ईमेलच्या विषयाचं काम निराळं, ते यादीत ओळख पटवण्यापुरतं. शिवाय विषय लांब असू नये असंही काही नाही. पहिल्या वीस अक्षरांत बातमी आली की मागे पाहिजे तेवढं लिहा. ते दिसलं नाही तरी असतं, आणि सहा महिन्यांनी कुणी ‘संगीत सभा’ म्हणून शोधलं तर तेवढ्यावरूनच ईमेल सापडतो.

दर महिन्याला जाणाऱ्या ईमेलांचा वेगळाच घोळ असतो. आमचा हिशेब ‘मंडळाचा मासिक जमाखर्च अहवाल माहे जून’ या नावाने जायचा. यादीत शोधायला गेलं तर बारा ओळी एकसारख्या, सगळ्या ‘मंडळाचा मासिक जमाखर्च अहवा…’. आता ‘जून जमाखर्च’ असं जातं. जे बदलतं ते आधी, जे दर वेळी तेच असतं ते नंतर.

आणि जुन्या ईमेलला उत्तर म्हणून नवी बातमी पाठवू नये. काकांची ही खोड जुनी आहे. सगळ्या सभासदांचे पत्ते ज्यात आहेत असा एखादा ईमेल काढायचा आणि त्यालाच उत्तर द्यायचं. मग वर्गणीची बातमी गणपतीच्या विषयाखाली जाते, पुढे ‘Re:’ लागतो तो वेगळाच. हा ‘Re’ लॅटिनमधल्या ‘या बाबतीत’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आलाय, म्हणजे तिकडचा ‘बाबत’च, फक्त त्यांनी तो पुढे ठेवला. तिथे विषयाचं पुढचं-मागचं करून उपयोग नाही. नवा ईमेलच काढावा लागतो.

जिथे बातमी पुढे आणू नये अशीही जागा आहे. ईमेल आला की फोनच्या कुलूपबंद पडद्यावरही विषय झळकतो, आणि फोन जेवणाच्या टेबलावर उताणा पडलेला असतो. एका सभासदाला मंडळाच्या निधीतून उपचारासाठी मदत मंजूर झाली, तेव्हा काका नव्या उत्साहात ‘मंजूर : शस्त्रक्रियेसाठी मदत’ लिहायला निघाले होते. मी हात धरला. तिथे ‘आपल्या अर्जाबद्दल’ हेच बरोबर होतं. चार लोकांसमोर जे मोठ्याने वाचणार नाही ते पहिल्या वीस अक्षरांत नको.

पाहायचं असेल तर स्वतःच्या फोनवर पाहून फसू नका. घरात ज्यांची अक्षरं सगळ्यात मोठी आहेत त्यांच्या फोनवर पाठवा, आणि उघडण्याआधी यादीतच पाहा, ठळक असताना. उघडून झाल्यावर पाहिलंत तर ओळ थोडी जास्त दिसते आणि आपलं बरोबर आहे असं वाटतं.

राहिली विषयाखालची फिकट ओळ. ती ईमेलच्या मजकुराच्या सुरुवातीतून आपोआप उचलली जाते. आयफोनच्या मेलमध्ये ती मुळात दोन ओळींची असते आणि सेटिंगमधून पाचपर्यंत वाढवता येते, अँड्रॉइडवर बहुधा एकच. विषयात जे मावलं नाही ते इथे सांगता येतं. आमच्या ईमेलच्या सुरुवातीला असायचं : ‘आपण सर्व कुशल असाल अशी ईश्वरचरणी प्रार्थना.’ फिकट ओळीत तेवढंच दिसायचं. मी काकांना म्हटलं, पहिलंच वाक्य ‘रविवारी रामबागेला हॉल बंद आहे’ असं लिहा. इथे जुन्या जागेचं नाव आलं तरी हरकत नाही, कारण वाक्य लहान आहे आणि ‘बंद’ लवकर येतो. त्यांनी प्रार्थना काढली. पण नमस्काराशिवाय पत्र सुरू करणं त्यांच्या हातून होईना. थोडा वेळ लॅपटॉपकडे बघत बसले, मग म्हणाले, “आपल्याकडे याचं लहान रूप आहे की.”

तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक ईमेलखाली फिकट अक्षरांत आधी ‘स.न.वि.वि.’ येतं आणि मग कामाचं. चार अक्षरं जातात. मी काही बोललो नाही.